डोमकळी शोधली तर स्लाइड सापडेल का?

परभणी, बीड, जालना या पट्ट्यातल्या एखाद्या कृषी प्रशिक्षण केंद्रात पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या पीपीटी असतील, तर त्यात गुलाबी बोंडअळीचे चांगले फोटो नक्की असतात. ऐन ऑगस्टमध्ये ते हवे असतात आणि नेमके तेव्हाच सापडत नाहीत. शोधखिडकीत ‘कापूस’ टाकावं, तर स्लाइडवर ‘कापसावरील कीड’ लिहिलेलं असतं. संगणक अक्षरं जुळवतो. कापूस आणि कापसावर हे एकच पीक आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘तूर’ आणि ‘तुरीवरील’ यांचंही तेच.

जुन्या फाइलींत याहून मोठा अडथळा फॉन्टचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘कापूस’ पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये तो `dkiwl` असा साठलेला असतो. स्कॅन करून चिकटवलेल्या तक्त्यात तर अक्षरंच नसतात, फक्त चित्र असतं. असा सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याच्या मागे लागू नये. जोडाक्षरं बिघडतात आणि तपासण्यातच महिने जातात. स्लाइड आहे तशी ठेवून वेगळ्या एक्सेल तक्त्यात तिच्याबद्दल एक ओळ आणि चार-सहा शब्द युनिकोडमध्ये लिहिले, की शोधाचं काम भागतं.

आधी जुन्या `.ppt` फाइलींच्या प्रतींचं एका फोल्डरमध्ये रूपांतर करावं. लिबरऑफिस असेल तर एक आज्ञा पुरते:

```
soffice --headless --convert-to pptx *.ppt
```

आता एक स्लाइड जवळून पाहू. शीर्षक आहे ‘प्रादुर्भावाची लक्षणे’. खाली पाकळ्या मिटलेल्या कापसाच्या फुलाचा फोटो, बाजूला सापळ्यांचा आकडा. ‘बोंडअळीची माहिती’ ही ओळ इथे निरुपयोगी, कारण ती शंभर स्लाइडांना चालेल. ओळ अशी हवी, की स्लाइड न उघडता कळावं:

```
फाइल: kapus_2018.pptx   स्लाइड: 14
ओळ: गुलाबी बोंडअळीमुळे झालेल्या डोमकळीचा फोटो; कामगंध सापळे हेक्टरी ५
शब्द: कापूस, गुलाबी बोंडअळी, डोमकळी, कामगंध सापळा, फोटो, 2018
```

शेतकरी आणि कृषी सहायक ‘डोमकळी’ म्हणतात, इंग्रजी पुस्तकात ‘रोझेट फ्लॉवर’ असतं, आणि स्लाइडवर यातलं काहीच नव्हतं. शोधणारा जो शब्द टाकेल तो लिहायचा; स्लाइडवर आधीच असलेला शब्द पुन्हा उतरवून फारसं हाती लागत नाही. शब्द मूळ रूपात: कापूस, तूर, ऊस. शेवटी ‘फोटो’, ‘तक्ता’ किंवा ‘आलेख’ जरूर टाकावा, कारण बहुतेक वेळा माणूस नेमका फोटोच शोधत असतो.

शब्द मात्र मनाला येतील तसे टाकू नयेत. एक जण ‘बोंडअळी’ लिहितो, दुसरा ‘बोंड अळी’, तिसरा ‘शेंदरी बोंडअळी’, आणि एकाच किडीचे तीन ढीग होतात. वेगळ्या पानावर ठरलेल्या शब्दांची यादी ठेवावी आणि प्रत्येकासमोर त्याची पर्यायी रूपं लिहावीत. जिल्ह्यांना हे विशेष लागू आहे. जुन्या स्लाइडवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद असतं, आज शोधणारा छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव टाकतो. दोन्ही नावं एकाच नोंदीला बांधली नाहीत, तर 2023 च्या आधीचं सगळं काम नजरेआड जातं.

यादीतून निवडण्याचं दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कीबोर्डांवर निरनिराळ्या संकेतांनी उमटतो. दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. ‘हा शब्द तर इथेच आहे, मग सापडत का नाही’ असं वाटलं, की संशय याच्यावर घ्यावा. शब्द एकदाच टाइप करून पुढे ड्रॉपडाउनमधून निवडला, की ही गोची निदान शब्दांच्या रकान्यात उरत नाही. तक्ता सीएसव्हीत काढताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडावा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

तक्त्यातला स्लाइड क्रमांकही दगा देतो. मध्ये एक स्लाइड घातली की चौदावी पंधरावी होते आणि पुढची प्रत्येक नोंद चुकते. म्हणून नोंद केलेल्या फाइली ‘फक्त वाचनासाठी’ कराव्यात. बदल हवा असेल तर नवी प्रत, नवं नाव.

वेळेचा हिशेब आधी मांडावा. एका स्लाइडला मिनिटभर धरलं, तर तीन हजार स्लाइडांना पन्नास तास. शीर्षक, ‘धन्यवाद’ आणि दहा फाइलींत तीच ती फिरणारी स्लाइड वगळली, की आकडा बराच उतरतो. पहिल्या दोनशे नोंदींनंतर थांबून, त्या नोंदी न केलेल्या माणसाकडून वीस प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्याच्याच शब्दांत शोधून पाहावं. जो प्रश्न रिकामा परततो, त्यातला शब्द पर्यायांच्या रकान्यात जातो.