लिंक नको, मूळ फाइल द्या
सीसीटीव्ही फुटेज तपासून घेणाऱ्या ठाण्यातील सोसायट्या व दुकानदारांसाठी

‘लिंक पाठवली आहे, बघून सांगा’ असा निरोप येतो, आम्ही लिंक उघडतो आणि समोर लॉगिनची पाटी दिसते. तुमच्या मोबाइलवर मात्र तीच लिंक व्यवस्थित चालते, कारण तिथे तुम्ही आधीच लॉगिन केलेले असते. म्हणून पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तिथे पासवर्ड मागितला, तर आम्हालाही तेच दिसणार.

गूगल ड्राइव्हची लिंक असेल तर दुरुस्ती सोपी आहे. शेअरच्या पर्यायात आमचा ईमेल पत्ता जोडा, म्हणजे फाइल फक्त आम्हालाच उघडेल. डीव्हीआरच्या मोबाइल अ‍ॅपमधून आलेल्या लिंकचे तसे नाही. रेकॉर्डिंग तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या डीव्हीआरमध्येच असते आणि अ‍ॅप ते तिथून ओढून तुम्हाला दाखवते. त्यामुळे डीव्हीआर बंद पडला, इंटरनेट गेले किंवा लिंकची मुदत संपली की काहीच दिसत नाही. यावर उपाय म्हणून डीव्हीआरचा पासवर्ड आम्हाला पाठवू नका. आम्ही तो घेत नाही.

यूट्यूबवरचा दुसऱ्याचा व्हिडिओ आम्ही परस्पर उतरवून घेत नाही. तो तुमच्याच चॅनेलवर असेल तर यूट्यूब स्टुडिओमधून डाउनलोड होतो, पण ती पुन्हा दाबून लहान केलेली प्रत असते. अपलोड करण्यापूर्वीची फाइल जवळ असेल तर तीच द्या.

मग अ‍ॅपवर दिसणारे चित्र स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवले तर? सर्वात जास्त नुकसान इथेच होते. समजा, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत रात्री पार्किंगमधल्या गाडीला कोणीतरी ठोकून गेले. कॅमेरा १९२० बाय १०८० पिक्सेलचे रेकॉर्डिंग करतो आणि त्यात पळणाऱ्या गाडीची नंबरप्लेट ६० पिक्सेल रुंद दिसते. मोबाइल अ‍ॅप मात्र डेटा वाचवायला बहुतेक वेळा सब स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याची कमी पिक्सेलची हलकी आवृत्ती दाखवते, जी अनेकदा फक्त ३५२ बाय २८८ ची असते. तिथे तीच प्लेट जेमतेम ११ पिक्सेलची उरते. त्यात ‘एमएच ०४’ धरून दहा अक्षरे-आकडे बसवायचे, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला साधारण एक पिक्सेल. तो ठिपका कितीही मोठा केला तरी त्यातून आकडा निघत नाही. कोणी ‘क्लिअर करून देतो’ म्हणाले तर तो आकडा त्याने बनवलेला असेल. मूळ ६० पिक्सेलमध्येही ३ की ८ हा संशय राहू शकतो, आणि तसा तो राहिला तर अहवालात आम्ही तसेच लिहितो. शिवाय स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये नेट अडखळले की चित्र थबकते, म्हणून त्यावरून गाडीचा वेग काढता येत नाही.

आता मूळ फाइल कशी काढायची ते. डीव्हीआर माउसने चालवा, मेनूत Backup किंवा Export उघडा, कॅमेऱ्याचा क्रमांक निवडा आणि घटनेच्या दहा मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतची वेळ घाला. Main Stream निवडायचा पर्याय असेल तर तोच घ्या. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर बहुधा त्याचे फॉरमॅट अडते. रिकामा पेनड्राइव्ह FAT32 करून लावा. डीव्हीआरचे घड्याळ बरेचदा चुकलेले असते, म्हणून त्याची स्क्रीन आणि शेजारी धरलेला मोबाइलचा टाइम एकाच फोटोत घ्या. हे काम उद्यावर टाकू नका, कारण डिस्क भरली की डीव्हीआर सर्वात जुन्या रेकॉर्डिंगवरच नवे चढवतो.

फाइल .mp4, .avi, .mkv किंवा .mov असेल तर सरळ द्या. काही डीव्हीआर .dav सारखी आपली स्वतःची फाइल देतात. तीही चालते, फक्त पेनड्राइव्हवर सोबत उतरलेला प्लेअर काढून टाकू नका. नाव बदलून .mp4 केल्याने आतला व्हिडिओ बदलत नाही, उलट आमचा गोंधळ वाढतो. कन्व्हर्टरमधून काढलेली प्रत तर नकोच, त्यात बारकावे जातात आणि कधी कधी वेळेची नोंदही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते.

प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा खास आकडा, लिहावी लागते. फाइल जराशी जरी बदलली तरी हा आकडा बदलतो. म्हणून मूळ पेनड्राइव्ह सोसायटीकडे सीलबंद ठेवा आणि आम्हाला प्रत द्या. आम्ही प्रत हातात येताच तुमच्यासमोर हॅश काढून पावतीवर लिहून देतो.

फुटेज शेजारच्या इमारतीचे किंवा दुकानाचे असेल तर सेक्रेटरीच्या किंवा मालकाच्या सहीचे परवानगीपत्र सोबत आणा. पाकिटावर कॅमेऱ्याचा क्रमांक, घटनेची अंदाजे वेळ आणि नेमके काय शोधायचे ते एका ओळीत लिहा.