टेबलाशी कोसळलेला सहकारी आणि पहिली अठरा मिनिटे

समजा, पुण्यातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचे ऑफिस. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी पन्नाशीतला एक कर्मचारी कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या खुर्चीत एका बाजूला कलंडतो. हातपाय दोन-चार सेकंद ताठरतात, झटके देतात. तोंडातून घोरल्यासारखा आवाज येतो. शेजारचे धावतात आणि कोणीतरी म्हणते, ‘फिट आली, चप्पल हुंगवा, कांदा आणा.’ दुसरा म्हणतो, ‘श्वास चालू आहे, घाबरू नका, पाणी मारा तोंडावर.’

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच. हृदयाचे ठोके अचानक थांबले की दहा-पंधरा सेकंदांत मेंदूला रक्त पुरेनासे होऊन शुद्ध हरपते, आणि त्या क्षणी फिट आल्यासारखे झटके येऊ शकतात. घोरणे, उचकीसारखे ओढून घेतलेले तुटक श्वास, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तशी हालचाल, हा श्वास नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेला भाग प्राणवायू संपत आल्यावर देत असलेली ती अखेरची प्रतिक्रिया असते. फुप्फुसात त्यातून उपयोगी हवा जात नाही. हृदय अचानक बंद पडलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत पहिली काही मिनिटे असे श्वास दिसतात आणि भोवतालचे लोक त्यांना ‘चालू श्वास’ समजून थांबतात.

म्हणून कसोटी दोनच प्रश्नांची ठेवावी. खांदे जोरात हलवून हाक मारली तर तो प्रतिसाद देतो का? छाती नेहमीसारखी एका लयीत वरखाली होते का? छातीकडे दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ बघत बसू नये. दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर हृदय थांबले असे धरूनच पुढे जायचे. नाडी शोधण्याच्या भानगडीत पडू नये; घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांचे ठोके लागतात. समजण्यात चूक झाली आणि हृदय चालू असले, तर छातीवर दिलेल्या दाबामुळे गंभीर इजा होण्याचा धोका थोडा असतो. उलट चूक जिवावर बेतते.

३ वाजून ११ मिनिटांनी तिघांत कामे वाटली जावीत, आणि तीही नाव घेऊन. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की दहा जण बघत राहतात. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर रुग्णाच्या शेजारी ठेवायचा. इमारतीचे नाव, रस्ता, जवळची खूण, मजला आणि विंग, ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही’ हे याच क्रमाने सांगायचे. नुसते ‘चक्कर येऊन पडला’ म्हटले तर प्रसंगाचे गांभीर्य समोरच्याला कळत नाही. दुसऱ्याने सुरक्षारक्षकांकडे पळायचे: फाटक उघडून ठेवणे, एक लिफ्ट तळमजल्यावर अडवून धरणे, रस्त्यावर उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवणे ही त्याची कामे. रुग्णवाहिका फाटकाशी येणे आणि डॉक्टर टेबलाशी पोहोचणे यात तीन-चार मिनिटे सहज जातात, आणि ती मिनिटे वाचवणे पूर्णपणे ऑफिसच्या हातात असते. याच माणसाने येताना इमारतीतला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, असेल तर घेऊन यायचा.

तिसऱ्याचे काम सगळ्यात मोठे. रुग्णाला खुर्चीतून जमिनीवर उताणे घ्यायचे. एकाने मागून काखेत हात घालून, दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरून. चाकांची खुर्ची सरकते, म्हणून ती पायाने अडवावी. खुर्चीत किंवा सोफ्यावर दाब दिला तर छातीऐवजी गादीच दबते. मग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा.

खोली आणि वेग सगळे सांगतात; दाब सोडण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हृदयाला स्वतःला रक्त मिळते ते मुख्यतः दाब सुटल्यावर, छाती पूर्ण वर येताना. थकलेला माणूस प्रत्येक दाबानंतर छातीवर थोडा रेलून राहतो आणि हृदयाला मिळणारे रक्त कमी होते. शिवाय रक्तदाब एकदम तयार होत नाही. हातपंपाला पाणी यायला आधी काही हापसे लागतात, तसे पहिले काही दाब रक्तदाब वाढवण्यातच जातात. पाच-दहा सेकंद थांबलो की तो लगेच खाली येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे ‘श्वास आला का’ असे मध्येच बघू नये. चांगला दाब देणाराही दोन मिनिटांत थकतो. त्याला कळायच्या आधी खोली कमी होते. दोन मिनिटांनी माणूस बदलावा, आणि पुढचा आधीच गुडघे टेकून तयार असावा.

तोंडाने श्वास द्यायचे प्रशिक्षण नसेल तर नुसते दाब चालू ठेवावेत. प्रौढ माणूस अचानक कोसळला असेल तर पहिल्या काही मिनिटांत रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. कमतरता असते ती रक्त पुढे ढकलणाऱ्याची. पाणी पाजणे, जिभेखाली गोळी ठेवणे, उचलून स्वतःच्या गाडीत टाकणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. बेशुद्धाच्या घशात पाणी गेले तर फुप्फुसात उतरते, आणि गाडीत नेताना तितका वेळ दाब बंद राहतो.

३ वाजून १४ मिनिटांनी एईडी येतो. झाकण उघडले की यंत्र बोलू लागते. एक चिकटपट्टी उजव्या हसळीखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली, उघड्या कोरड्या त्वचेवर. घामाने अंग ओले असेल तर पुसावे. मंगळसूत्र किंवा साखळी पट्टीखाली येऊ न देता बाजूला सारावी. रुग्ण स्त्री असेल तर कपडे बाजूला करायला लोक संकोचतात. दोन सहकारी पाठ करून आडोसा धरू शकतात, पण काम थांबता कामा नये. पट्ट्या लावतानाही दाब चालू ठेवावेत. पुष्कळदा अशा वेळी हृदय पूर्ण थांबलेले नसते, ते बेताल थरथरत असते. झटका ती थरथर एकदम थांबवतो, म्हणजे नैसर्गिक लयीला पुन्हा सुरू व्हायची संधी मिळते. यंत्र ही लय ओळखते आणि गरज नसेल तर झटका देत नाही. झटका देताना रुग्णाला कोणी हात लावत नाही ना हे बघायचे, आणि झटका झाल्याबरोबर लगेच दाब सुरू. सावरलेल्या हृदयालाही पहिल्या क्षणांत पुरेसे रक्त ढकलता येत नाही.

दाब आणि झटका दोन्हींशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला, झटक्याने सुधारणाऱ्या रुग्णाची जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. चांगला दाब चालू असेल तर ही घट तीन-चार टक्क्यांवर येते. आपल्या ऑफिसात रुग्णवाहिका ३ वाजून २४ मिनिटांनी फाटकाशी येते आणि चमू ३ वाजून २८ ला टेबलाशी. या अठरा मिनिटांतली पहिली पाच वाया गेली तर पुढचे कौशल्य फार थोडे भरून काढू शकते.

दाब देताना बरगडी मोडल्याचा कट् आवाज येऊ शकतो, वयस्कांमध्ये तर अनेकदा. थांबू नये, हाताची जागा तपासून पुढे जावे. थांबायचे ते रुग्ण हलू लागला, नीट श्वास घेऊ लागला, किंवा डॉक्टरांनी सूत्रे घेतली तरच. डॉक्टर आले की चार गोष्टी सांगाव्यात: केव्हा कोसळला, पडताना कोणी पाहिले, दाब केव्हा सुरू झाले, किती झटके दिले गेले. एकाने घड्याळ बघून हे कागदावर लिहून ठेवले तर उत्तम. रुग्ण शुद्धीवर आलाच, तर त्याला बसवू नये. कुशीवर वळवून ठेवावे, एईडीच्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात आणि यंत्र बंद करू नये, कारण पुढच्या काही मिनिटांत हृदय पुन्हा थांबू शकते.