एकच h, पण k दोन: बिओ आणि नुसेल्ट अंकांची पार्श्वभूमी

hL/k हे सूत्र उष्णता हस्तांतरणाच्या पाठ्यपुस्तकात दोनदा भेटतं. h म्हणजे पृष्ठभागावरून उष्णता बाहेर जाण्याची क्षमता आणि L म्हणजे त्रिज्या किंवा व्यासासारखी एखादी लांबी. वस्तू तापण्या-निवण्याच्या प्रकरणात त्याला बिओ अंक म्हणतात (आपल्याकडच्या वर्गांत बहुतेक वेळा ‘बायोट’) आणि त्यातली k, म्हणजे उष्णतावाहकता, घन वस्तूची असते. काही प्रकरणं पुढे गेलं की तेच सूत्र नुसेल्ट अंक होऊन येतं, आणि आता k हवेची किंवा पाण्याची. परीक्षेपुरतं हे पाठ करून भागतं. पण असं का, हे कळायला दोन्ही सूत्रं कोणत्या प्रश्नांतून आली ते पाहावं लागतं.

झां-बातिस्त बिओ यांनी 1804 मध्ये धातूच्या सळईचं एक टोक तापवून तिच्या लांबीवर ठिकठिकाणी तापमान किती राहतं याचा अभ्यास केला. उष्णता सळईतून पुढे सरकते आणि वाटेत पृष्ठभागावरून हवेत निसटतही राहते, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र विचारात घेतल्या. पण त्यांचं गणित नीट बसेना. ते बसवलं जोसेफ फूरिये यांनी. ग्रनोबलला प्रीफेक्ट म्हणून सरकारी कारभार सांभाळता सांभाळता त्यांनी 1807 मध्ये आपला प्रबंध पॅरिसच्या ‘इन्स्तित्यू द फ्रान्स’कडे पाठवला आणि 1822 मध्ये त्याचा ग्रंथ झाला. वस्तूच्या आतून उष्णता वाहण्याची क्षमता K आणि पृष्ठभागावरून ती बाहेर जाण्याची क्षमता h, या दोन राशी त्यांनी स्वच्छ वेगळ्या केल्या. आज उघड वाटणारा हा फरक त्या काळी मोठाच होता.

तापलेला गोळा हवेच्या झोतात ठेवला तर तो कसा निवेल, हे सोडवताना फूरियेंच्या समीकरणांत hX/K हा गट आपोआप उतरतो. X म्हणजे गोळ्याची त्रिज्या. हा गट अगदी लहान असेल तर आतली सगळी ठिकाणं जवळपास एकाच तापमानाला राहतात आणि गोळा 3h/(CDX) या दराने घातांकी पद्धतीने निवतो, हेही त्यांनी दाखवलं. C म्हणजे विशिष्ट उष्णता, D घनता. आज याच रीतीला लम्प्ड पद्धत म्हणतात. गट फूरियेंच्या समीकरणांतला आणि त्यावर नाव बिओंचं, असं ते त्रांगडं आहे.

फूरियेंचा रोख सगळा वस्तूच्या आत होता, हे इथे महत्त्वाचं. बाहेरची हवा त्यांच्यासाठी फक्त एका आकड्यात, h मध्ये, मावत होती आणि तो आकडा प्रयोगातून मिळणार होता. h का बदलतो, झोत जोराचा केला तर तो किती वाढतो, याचं उत्तर त्यांच्या समीकरणांत नव्हतं.

तो प्रश्न पुढच्या शतकात विल्हेल्म नुसेल्ट यांनी हाती घेतला. नळीतून वाहणाऱ्या वायूला भिंतीकडून किती उष्णता मिळते, यावर त्यांनी 1909 मध्ये ड्रेस्डेनला काम सादर केलं. 1915 च्या लेखात त्यांनी प्रवाहाची आणि उष्णतेची समीकरणंच मितिरहित करून टाकली. त्यातून दिसलं की h ला नळीच्या व्यासाने गुणून वायूच्या वाहकतेने भागलं, तर मिळणारा आकडा प्रवाहाचा वेग, व्यास आणि द्रायूचे गुणधर्म यांच्या मोजक्याच गटांवर अवलंबून राहतो. नळीचा धातू कोणता, हे त्या समीकरणांत येतच नाही. फूरियेंकडे h माहीत धरलेला होता, नुसेल्ट यांच्याकडे h हेच उत्तर होतं.

दोन्ही सूत्रांचं मूळ मात्र एकच आहे आणि ते पृष्ठभागावर सापडतं. भिंतीला अगदी चिकटलेला हवेचा थर हलत नाही, त्यामुळे तिथे उष्णता फक्त वहनानेच पुढे जाते. घनाच्या बाजूने पृष्ठभागापर्यंत जितकी उष्णता येते तितकीच हवेच्या बाजूने निघते, आणि तिलाच आपण h गुणिले तापमानफरक असं लिहितो. हे समीकरण घनाच्या बाजूने लिहून मितिरहित केलं की k घनाची येते आणि बिओ अंक मिळतो. हवेच्या बाजूने लिहिलं की k हवेची येते आणि नुसेल्ट अंक मिळतो. म्हणून बिओ अंक वस्तूच्या आतला अडथळा बाहेरच्या अडथळ्याच्या किती पट आहे ते सांगतो. नुसेल्ट अंक सांगतो की हवा वाहत असल्यामुळे भिंतीपाशी तापमानाचा उतार किती तीव्र झाला आहे. अमर्याद पसरलेल्या, अजिबात न हलणाऱ्या हवेत गोल असेल तर नुसेल्ट अंक नेमका 2 येतो. प्रवाह सुरू झाला की तो वाढतो.

एक उदाहरण घेऊ. 20 मिमी व्यासाचा, शंभरेक अंशांना तापलेला पोलादी गोल सेकंदाला 10 मीटर वेगाच्या हवेत निवतो आहे. हवेची वाहकता 0.026 आणि पोलादाची 45 वॅट प्रति मीटर केल्विन धरली. वेग, व्यास आणि हवेचे गुणधर्म यांच्या गटांपैकी एक, रेनॉल्ड्स अंक, साधारण 12,500 येतो. गोलासाठीच्या प्रचलित संबंधातून नुसेल्ट अंक 69 च्या आसपास मिळतो. त्याला हवेच्या वाहकतेने गुणून व्यासाने भागलं की h येतो सुमारे 90 वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. आता हाच h बिओ अंकात घालायचा. तिथे लांबी म्हणून आकारमान भागिले पृष्ठफळ, म्हणजे त्रिज्येचा तिसरा हिस्सा घेतात. उत्तर येतं 0.0067. हे लम्प्ड पद्धतीच्या 0.1 या नेहमीच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, म्हणजे गोल आतून-बाहेरून एकाच तापमानाने निवतो असं बिनधास्त धरावं. त्याचा कालस्थिरांक दोन मिनिटांच्या थोडा वर येतो.

इथे k ची अदलाबदल झाली तर ती उत्तरातच दिसते. नुसेल्ट अंकात पोलादाची वाहकता घातली तर h दीड लाखाच्या पुढे जातो. साध्या वाऱ्यात इतका h मिळणं शक्यच नाही. उलट चूक जास्त फसवी. बिओ अंकात हवेची वाहकता घातली तर उत्तर 11.5 येतं, म्हणजे मुळातल्या 69 चा सहावा हिस्सा, कारण लांबी व्यासाच्या सहाव्या भागाएवढी आहे. हा आकडा दिसायला ठीक असतो आणि माणूस उगाच गोलाच्या आतलं तापमान थराथराने काढत बसतो.

शंका आली की वस्तूचा पदार्थ बदलून पाहावा. पोलादाऐवजी तांबं घेतलं तर नुसेल्ट अंक 69 च राहतो, बिओ अंक मात्र 0.0008 च्या जवळ घसरतो. 0.2 वाहकतेच्या प्लास्टिकचा गोल घेतला तर बिओ अंक 1.5 होतो आणि लम्प्ड पद्धत बाद ठरते. पोलादाचाच गोल पाण्यात टाकला आणि h 5000 झाला, तर बिओ अंक 0.37 वर जातो. मग पृष्ठभाग भराभर निवतो आणि गाभा मागे रेंगाळतो.

मात्र प्लास्टिकच्या गोलाला तो 69 तरी पक्का लागू पडेल का, इथे थोडं सांभाळावं लागतं. तो आकडा पृष्ठभागाचं तापमान सगळीकडे सारखं आहे असं धरून आलेला आहे. गोलाच्या समोरच्या बाजूला h जास्त असतो, मागे वेगळा. पोलाद आतून उष्णता फिरवून तो फरक मिटवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. अशा वेळी घन आणि हवा दोन्हींची समीकरणं पृष्ठभागावर जोडून एकत्र सोडवावी लागतात. त्यात h आधी ठरवून देता येत नाही, आणि दोन्ही k एकाच गणितात येतात, k हवा भागिले k घन या गुणोत्तराच्या रूपात.