पिटफॉल सापळा : भू-भुंगेऱ्यांच्या पाहणीतील

तोंड जमिनीच्या पातळीला आणून पुरलेले भांडे; चालता चालता कीटक त्यात पडतो. कॅराबिडी कुलातील, बहुतांशी निशाचर असलेल्या भू-भुंगेऱ्यांसाठी हे साधन विशेष वापरले जाते. ते बार्बर यांच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्यांचे १९३१ मधील वर्णन गुहांतील कीटकांसंबंधी आहे. फिनलंडमधील हर्ट्झ यांचे लेखन १९२७ चे असल्याने, निदान भू-भुंगेऱ्यांपुरता पहिला मान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

एकात एक बसणारे दोन प्लास्टिकचे पेले घेतात. बाहेरचा मातीत कायम राहतो व आतला उचलून रिकामा करता येतो. काठ जमिनीच्या किंचित खाली असलेला चालतो, पण वर आलेला नको. कारण दोन मिलिमीटरचा उंबरठाही लहान भुंगेऱ्यांना वळवतो. पुण्याच्या टेकड्यांवरील मुरमात पहारीने केलेला खड्डा पेल्यापेक्षा रुंद होतो, म्हणून भोवतीची फट चाळलेल्या मातीने दाबून भरावी लागते. काळी माती सुकताना ही फट पुन्हा उघडते व भुंगेरे पेल्याऐवजी फटीत शिरतात. पावसासाठी खिळ्यांवर छप्पर उभारतात, आत साबणाचा थेंब घातलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल ओततात. नुकत्याच उकरलेल्या मातीजवळ पहिले काही दिवस पकड फुगते, म्हणून पेले आठवडाभर झाकून ठेवणे बरे.

पकड म्हणजे संख्या नव्हे. तिच्यात भुंगेऱ्यांची दाटी आणि त्यांची हालचाल एकत्र मोजली जाते, म्हणून तिला ‘क्रियाशील घनता’ म्हणतात. सापळ्याभोवतालच्या वनस्पती काढल्या की पकड बदलते, आणि हा बदल जातीनुसार वेगळा असतो, हे ग्रीनस्लेड यांनी १९६४ मध्ये दाखवले.

समजा, एखाद्या टेकडीवर दाट गवतात दहा व चराईने उघड्या पडलेल्या पट्ट्यात दहा पेले १४ रात्री ठेवले, आणि अनुक्रमे ५६ व ८४ भुंगेरे मिळाले. मात्र गवतातील चार पेले सातव्या रात्रीनंतर पाण्याने भरून वाहिले. तेव्हा तेथील सापळा-रात्री, म्हणजे प्रत्येक पेला चालू राहिलेल्या रात्रींची बेरीज, १४० नव्हे, ११२ धराव्या लागतात आणि सापळा-रात्रीमागील दर ०.४ वरून ०.५ होतो, उघड्या पट्ट्यात तो ०.६ आहे. वाहून गेलेली आधीची पकड या हिशेबात येतच नाही. उरलेला फरकही गवताच्या काड्यांनी चाल अडवल्याने पडलेला असू शकतो. म्हणून ‘उघड्या जागी भुंगेरे जास्त’ हा निष्कर्ष अजून काढता येत नाही.

पडताळ्यासाठी दोन्हीकडे पत्र्याने बंदिस्त केलेल्या एक चौरस मीटर चौकटीतील पालापाचोळा हाताने तपासतात. तेथे संख्या सारखी भरली, तर फरक चालण्याचा होता. पकडीत नरांचे प्रमाण एकाएकी वाढणे, हीही विणीच्या काळातील वाढत्या भटकंतीची खूण असू शकते. एकाच जागच्या एकाच जातीची दोन वर्षांची पकड ताडून पाहणे त्या मानाने सुरक्षित, पण तेही गवताची उंची दोन्ही वेळा टिपली असेल तरच. अँथिया या मोठ्या भू-भुंगेऱ्याची लहान जातीशी संख्येने तुलना मात्र टाळावी, कारण मोठ्या जाती सहसा अधिक अंतर चालतात आणि सापळ्यावर अधिक वेळा येतात.