Cpk मधला k आणि दीड सिग्माची भर

टर्निंगच्या एका शाफ्टचा अहवाल समोर आहे. ड्रॉइंगवर व्यास २०.०० मिमी, टॉलरन्स ±०.०६. दर तासाला ओळीने पाच नग मोजले, असे २५ गट झाले. शेवटी प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती नीट बसते हे सांगणारे दोन आकडे दिलेत: Cp १.३३ आणि Cpk ०.८९. पहिला आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो, दुसरा पाहून चरकतो. एकाच मोजमापातून इतके वेगळे आकडे का निघतात, हे या निर्देशांकांचा इतिहास पाहिला की नीट कळते.

मे १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी बेल टेलिफोनच्या उद्योगसमूहात काम करताना पहिला कंट्रोल चार्ट मांडला. प्रक्रिया स्थिर आहे का, की मधूनच काहीतरी बिघडते आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. चार्टवरच्या मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारातून निघतात, ड्रॉइंगवरच्या मर्यादा ग्राहक ठरवतो. प्रक्रिया अगदी स्थिर असूनही सातत्याने चुकीचे माप काढू शकते. शूहार्टचा चार्ट तिथे तक्रार करत नाही.

या दोन मर्यादांची तुलना हवी म्हणून पुढे, जोसेफ जुरान यांच्या पिढीत, सहा सिग्मा, म्हणजे मापांच्या प्रमाण विचलनाची सहा पट, ही प्रक्रियेची नैसर्गिक रुंदी मानण्याची पद्धत रुळली. टॉलरन्सच्या रुंदीला या रुंदीने भागले की Cp मिळतो. शाफ्टच्या गटांची सरासरी रेंज, म्हणजे गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक, ०.०३५ मिमी आहे. पाच नगांच्या गटासाठी तिला २.३२६ ने भागले की सिग्मा साधारण ०.०१५ येतो.

```
Cp  = 0.12 / (6 × 0.015) = 1.33
k   = |20.02 − 20.00| / 0.06 = 0.33
Cpk = Cp × (1 − k) = 0.89
```

पहिल्या ओळीत सरासरी कुठेच नाही, ही Cp ची उणीव. सगळे नग टॉलरन्सच्या बाहेर पडले तरी Cp १.३३ च राहील. जपानमधल्या दर्जा-अभियंत्यांनी त्यावर k जोडला. हे अक्षर ‘कातायोरी’, म्हणजे एका बाजूला झुकणे, या जपानी शब्दावरून आल्याचे सांगतात. सरासरी मध्यापासून अर्ध्या टॉलरन्सच्या किती हिस्सा सरकली, ते k सांगतो. इथे सरासरी २०.०२, म्हणजे एक तृतीयांश सरकलेली. १९८० च्या दशकात अमेरिकन मोटार उद्योगाने Cpk उचलला, आणि १९८६ मधल्या व्हिक्टर केन यांच्या लेखाने तो सर्वत्र पोहोचवला.

आता आपला अहवाल वाचता येतो. वरची मर्यादा सरासरीपासून ०.०४ मिमी, म्हणजे २.६७ सिग्मांवर आहे. मापे नॉर्मल वितरणात असतील तर हजारात जवळपास चार नग मोठे निघतील. मशीन बदलायची गरज नाही. टूलचा ऑफसेट दुरुस्त करून सरासरी २०.०० वर आणली की Cpk १.३३ होतो आणि रिजेक्शन लाखात सहा-सातवर येते. Cp च ०.८९ असता तर सेटिंगने काही साधले नसते.

मर्यादा सरासरीपासून किती सिग्मांवर आहे, त्या आकड्याला सिग्मा लेव्हल म्हणतात. तिचा गोंधळ १९८६ नंतरचा. मोटोरोलात बिल स्मिथ यांनी सिक्स सिग्मा मांडले, तेव्हा दीर्घ काळात प्रक्रिया दीड सिग्मा सरकते असे गृहीत धरले गेले. त्यामुळे सहा सिग्माच्या प्रक्रियेला ४.५ सिग्माची शेपटी लागते, आणि दहा लाखांत ३.४ दोष हा प्रसिद्ध आकडा तिथून येतो. न सरकलेल्या सहा सिग्माला अब्जात सुमारे दोनच दोष येतात. उलट दिशेने, महिनोन्‌महिन्यांच्या दोषांच्या मोजणीवरून २.६७ आला तर प्रचलित तक्त्यात दीड मिळवून ४.१७ लिहितात. आपला २.६७ मात्र गटांतल्या रेंजमधून, म्हणजे अल्पकालीन सिग्मातून काढलेला आहे. त्यात दीड मिळवणे ही चूकच. प्रकल्पाच्या अहवालात सिग्मा लेव्हल दिसली की ती दोष मोजून काढली की मापांवरून, हे मी आधी विचारतो. दीड सिग्माला सर्व प्रक्रियांना लागू असा सिद्धान्ताचा आधार नाही, तो अनुभवातून स्वीकारलेला संकेत आहे.

नमुन्याचा आकारही बघा. फक्त ३० नगांवरून Cpk १.३३ निघाला, तर ९५ टक्के विश्वासमर्यादेत खरी किंमत अंदाजे ०.९७ ते १.६९ मध्ये कुठेही असू शकते. आपल्या १२५ नगांत हा पट्टा बराच अरुंद होतो. पण त्याआधी २५ गटांचा कंट्रोल चार्ट काढावा लागतो. चार्टवर एखादा गट मर्यादेबाहेर गेला असेल, किंवा टूल झिजत गेल्याने सरासरी हळूहळू चढत असेल, तर ०.८९ हा कुठल्याच एका प्रक्रियेचा आकडा राहत नाही.