मालवाहतूक बिलाची पडताळणी

ट्रान्सपोर्ट कंपनीचे बिल मंजूर करण्याआधी ते दरकरार, बिल्टी म्हणजे मालासोबतची वाहतूक पावती, आणि माल मिळाल्याची पोच यांच्याशी ताडून पाहण्याची पद्धत. गोव्यात वेर्णा, कुंडई या औद्योगिक वसाहतींतून पार्टलोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून, जाणाऱ्या मालासाठी ती विशेष गरजेची ठरते, कारण अशा मालाचे भाडे बहुधा काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त, ते आकारणीचे वजन धरतात. एका घनफुटाला किती किलो धरायचे हे करारात लिहिलेले असते. चूक बहुतेकदा तिथेच सापडते.

समजा, वेर्ण्याहून पुण्याला ६०×४५×४० सेंटिमीटरची ४० खोकी गेली. एक खोके ३.८१४ घनफूट भरते. काट्यावर सगळा माल ८८० किलो. करारातल्या घनफुटाला आठ किलोच्या हिशेबाने आकारणीचे वजन, पुढचा पूर्ण किलो धरून, १,२२१ किलो. वजन हजार किलोंच्या वर असल्याने दर किलोला साडेसहा रुपये, म्हणून भाडे ७,९३६.५० रुपये. बिलात मात्र भाडे ११,४४५ रुपये येते. वाहतूकदाराच्या संगणकात घनफुटाला दहा किलो भरलेले असतात आणि माल वीस-वीस खोक्यांच्या दोन बिल्ट्यांवर चढवलेला असतो. प्रत्येक बिल्टी ७६३ किलोंची झाल्याने हजारांखालच्या टप्प्याचा साडेसात रुपये दर लागतो. वजनही फुगते, दरही चढतो, शिवाय बिल्टीचा आकार दोनदा पडतो. एकेक बिल्टी सुटी पाहिली तर दर बरोबरच दिसतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच गाडीतून, एकाच ग्राहकाकडे गेलेल्या बिल्ट्या एकत्र मांडूनच पाहाव्यात.

दुबार आकारणी बिल क्रमांकावरून पकडता येत नाही. जुनीच बिल्टी पुरवणी बिलात नव्या क्रमांकाखाली येते. कधी तिच्या क्रमांकात एखादी आडवी रेघ किंवा शून्य वाढलेले असते. चिन्हे आणि वाढीव शून्ये काढून उरलेले आकडे जुळवले की ती उघडी पडते.

करारात नसलेले अधिभार पावसाळ्यात वाढतात. अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड पडून गाडी वळसा घेऊन गेली, तर जादा भाड्याची मागणी खरी असू शकते. पण त्यासाठी आगाऊ लेखी संमती आणि त्या गाडीचा मार्ग दाखवणारी टोलची नोंद मागावी. सगळ्या गाड्यांना सरसकट लावलेला ‘घाट आकार’ मान्य करू नये. गाडी थांबवून ठेवल्याचा आकार असेल, तर फाटकावरच्या वहीतली आत-बाहेरची वेळ निर्णायक मानावी.

या पडताळणीला एक मोठी मर्यादा आहे. माल गेल्यावर खोक्यांची मापे सिद्ध करता येत नाहीत, आणि पॅलेटवर बांधलेला माल वाहतूकदार पॅलेटसकट मोजतो. त्यामुळे लांबी-रुंदी-उंची पाठवणीच्या वेळीच बिल्टीवर लिहून चालकाची सही घ्यावी लागते. ती असेल तर फरकाची रक्कम वाहतूकदाराच्या बिलातून वजा करणारी डेबिट नोट टिकते; नसेल तर वाहतूकदाराचेच माप धरावे लागते.