मॉड म्युझिक अ‍ॅपची उसवलेली शिलाई

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कुठल्याही हॉस्टेलवर स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपची ही फाइल एकदा तरी फिरलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर येते, नावात ‘Premium’ आणि ‘Mod’, म्हणजे मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार केलेलं, हे शब्द असतात. पाठवणाऱ्याचं म्हणणं एकच: “जुनं काढून टाक अन् हे टाक, जाहिरात नाही, काही नाही, सगळं फुकट चालायलंय.”

यातलं ‘जुनं काढून टाक’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. प्ले स्टोअरवरून घेतलेलं स्पॉटिफाय फोनमध्ये असताना ही फाइल उघडली, तर अँड्रॉइड ती बसवून घेत नाही. पडद्यावर येतं: “App not installed as package conflicts with an existing package”. पोरांना वाटतं फाइल खराब आहे. फाइल खराब नसते. फोनने त्याचं काम चोख केलेलं असतं.

अँड्रॉइडचं अ‍ॅप ज्या फाइलमध्ये येतं तिला एपीके म्हणतात. ती मुळात झिप फाइलच असते. आत प्रोग्रॅमचा कोड, चित्रं आणि अ‍ॅपला कोणकोणत्या परवानग्या लागतात त्याची यादी असते. कंपनी हे सगळं बांधून झाल्यावर आपल्या गुप्त किल्लीने त्यावर डिजिटल सही करते. ही सही नुसती शेवटी मारलेल्या शिक्क्यासारखी नसते, ती आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते. आतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. नवी आवृत्ती आली की फोन एवढंच पाहतो, की हिच्यावरची सही आधीच्याच किल्लीची आहे का. असेल तर अपडेट, नसेल तर नकार.

मॉड करणारा माणूस फाइल उसवतो, कोड वाचता येईल अशा रूपात आणतो आणि ‘हा ग्राहक पैसे भरणारा आहे का?’ असं विचारणारी जागा शोधून तिथलं उत्तर कायमचं ‘हो’ करून टाकतो. मग फाइल पुन्हा बांधतो. पण कंपनीची किल्ली त्याच्याकडे नसते, म्हणून सही स्वतःची करावी लागते. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग उसवून, आत मिसळ करून पुन्हा शिवावी, तसंच हे. शिलाई सुबक असेल, बॅगेवरचं चित्रही तेच असेल, पण टॅग कंपनीचा राहत नाही. (काही जण हा नकार टाळण्यासाठी अ‍ॅपचं आतलं नावच बदलतात. मग दोन्ही अ‍ॅप शेजारी शेजारी राहतात.)

खरं अ‍ॅप काढून मॉड बसवलं की त्या जागेवर फोन मॉडवाल्याची सही खरी मानू लागतो. पुढचं अपडेट त्याने पाठवलं तर बिनतक्रार बसतं. कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती केली, तर ती मात्र नाकारली जाते.

बरं, एवढं करून मिळतं काय? फोनमध्येच ठरणाऱ्या गोष्टी तेवढ्या बदलतात: जाहिरात दाखवायची की नाही, गाणं कितीदा पुढे ढकलू द्यायचं. ऑफलाइन डाउनलोडचं तसं नाही. ती गाणी कुलूपबंद असतात आणि कुलपाची किल्ली कंपनीचा सर्व्हर देतो. तुमचं खातं फुकटातलं आहे हे तिथे नोंदलेलं असतं. फोनमधलं अ‍ॅप कितीही ‘हो’ म्हणालं तरी सर्व्हर ‘नाही’च म्हणतो. म्हणजे लातूरहून गावाकडे जाताना रेंज गेल्यावर गाणी ऐकायची, ही ज्या कारणासाठी बऱ्याच जणांना प्रीमियम हवं असतं ती सोयच मॉडमध्ये सहसा चालत नाही.

आता मॉडवाल्याचा फायदा. तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, म्हणून अनेकदा अ‍ॅपमध्ये जाहिरातीचं एखादं तयार मॉड्यूल घालतो आणि त्यातून कमावतो. सप्टेंबर 2024 मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने अशाच एका मॉडची चिरफाड प्रसिद्ध केली. नाव होतं ‘स्पॉटिफाय प्लस’. ज्या साइटवर ते मिळत होतं तिथे ते सुरक्षित असल्याची ग्वाहीही दिलेली होती. आत अशाच जाहिरातीच्या मॉड्यूलमध्ये निघाला नेक्रो नावाचा ट्रोजन, म्हणजे साध्या अ‍ॅपच्या आडून फोनमध्ये शिरणारा घातक प्रोग्रॅम.

त्याची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. अ‍ॅप सुरू झालं की हे मॉड्यूल फोनची माहिती आपल्या सर्व्हरला पाठवायचं. तिकडून उत्तरात एका पीएनजी चित्राचा पत्ता यायचा. फोन ते चित्र उतरवून घ्यायचा, आणि चित्र उतरवणं हे कुणाला संशय येण्यासारखं काम नाही. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा आकड्यांत साठवलेला असतो. नेक्रो त्यातले फक्त निळ्याचे आकडे ओळीने वेचायचा. ते आकडे जोडले की अक्षरं, आणि अक्षरं उलगडली की चालू शकणारा प्रोग्रॅम! घातक भाग मूळ एपीकेत नव्हताच, तो नंतर चित्रातून आला. म्हणून ‘मी फाइल स्कॅन करून पाहिली, काही निघालं नाही’ या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही.

आलेला प्रोग्रॅम न दिसणाऱ्या खिडकीत जाहिराती उघडून त्यांवर क्लिक करू शकत होता, आणखी कोड आणून चालवू शकत होता, पैशाच्या सेवा ग्राहकाच्या नकळत चालू करू शकत होता, आणि दुसऱ्याच कुणाची इंटरनेट वाहतूक तुमच्या फोनमधून नेऊ शकत होता. यातलं शेवटचं मला जास्त काळजीचं वाटतं. त्या वाहतुकीतून काही गैरप्रकार झाला तर समोरच्याला पत्ता तुमच्या कनेक्शनचा दिसतो.

न्यायाने हेही सांगायला हवं, की नेक्रो त्याच सुमारास प्ले स्टोअरवरच्या वुटा कॅमेरा या एक कोटीहून जास्त डाउनलोड असलेल्या अ‍ॅपमध्येही सापडला होता. फरक पुढच्या टप्प्यात पडला. तिथे मूळ कंपनीच्या किल्लीने सही केलेली स्वच्छ आवृत्ती अपडेट म्हणून आली. मॉडला असं अपडेट द्यायला जबाबदार कुणी नसतं.

खातं बंद होण्याची भीतीही पोकळ नाही. मार्च 2018 मध्ये, म्हणजे भारतात येण्याच्याही आधी, स्पॉटिफायने सांगितलं होतं की सुमारे 20 लाख लोक पैसे न भरता जाहिराती चुकवून ऐकतात. त्याच महिन्यात मॉड वापरणाऱ्यांना ईमेल गेले: तुमच्या अ‍ॅपमध्ये असाधारण हालचाल दिसली, ते आम्ही बंद केलं आहे, खरं अ‍ॅप बसवा. खाती तेव्हा राखली. पुढे मार्च 2019 पासून लागू झालेल्या अटींमध्ये जाहिरात अडवणाऱ्याचं खातं लगेच बंद करता येईल असं स्पष्ट आलं. पकडणं अवघडही नाही. फुकटातलं खातं तासन्‌तास गाणी ऐकतंय आणि जाहिरात एकही वाजलेली नाही, ही विसंगती सर्व्हरच्या नोंदीतच दिसते. खातं गेलं की वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्टही गेल्या.

तुमच्या फोनमधलं अ‍ॅप कुठून आलं हे पाहायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत अगदी खाली जा. ते प्ले स्टोअरवरून आलं असेल तर बहुतेक फोनमध्ये तसं लिहिलेलं असतं. समोर उघडं नसताना, मागे चालू राहून ते किती डेटा खातंय तेही तिथेच कळतं. गाणं वाजत नसताना आकडा चढत असेल तर संशय घ्यावा. गाण्याच्या अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची किंवा पडदा वाचू-दाबू देणाऱ्या अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, किंवा फाइल पाठवणाऱ्याने ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद कर’, म्हणजे घातक अ‍ॅप पकडणारी गूगलची तपासणीच बंद कर, असं म्हटलं, तर पुढे तपासत बसूच नका.

मॉड आधीच बसवलेलं असेल तर आधी ते काढा, मग पासवर्ड बदला. उलट क्रमाने केलं आणि त्याच अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन झालं, तर नवा पासवर्डही त्याच हातात पडतो. स्पॉटिफायच्या वेबसाइटवर खात्याच्या पानात ‘Sign out everywhere’ आहे, तेही दाबा. अ‍ॅप काढल्यावर त्याचा स्वतःचा साठा पुसला जातो, पण त्याने मधल्या काळात दुसरं काही बसवायला लावलं असेल तर ते राहतं. म्हणून अ‍ॅपची पूर्ण यादी एकदा वरपासून खालपर्यंत चाळा. रिचार्जचा बॅलन्स न सांगता कापला जात असेल तर कोणत्या सेवा चालू आहेत ते सिम कंपनीला विचारून बंद करून घ्या. बँकेतून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तरच ती परत मिळण्याची शक्यता असते.